फोटोतलं विधान आणि इंडक्शनची सिद्धता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावीचं इंडक्शनचं, म्हणजे गणिती विगमनाचं, प्रकरण सुरू झालं की माझ्या फोनवर पुस्तकाच्या पानांचे फोटो यायला लागतात. खाली बहुधा एवढंच लिहिलेलं असतं: "मॅडम, हे कसं करायचं?" उत्तरं पुन्हा पुन्हा तीच द्यावी लागतात, म्हणून ती इथे लिहून ठेवते आहे. उदाहरण शक्यतो एकच घेतलं आहे. सगळ्यांत जास्त फोटो याच गणिताचे येतात, आणि त्यात चुकायला जागाही भरपूर आहे:

3^(2n+2) - 8n - 9 या राशीला 64 ने निःशेष भाग जातो, n ∈ N.

छापील पुस्तकात 2n+2 हा 3 च्या डोक्यावर, बारीक अक्षरात असतो. इथे मी घातांक ^ या खुणेने दाखवते आहे. ^ च्या पुढचा अख्खा कंस घातांकात आहे असं समजा.

फोटो पाठवला आहे. मग आधी विधान वहीत उतरवून पाठव असं का सांगता?

कारण निम्म्या वेळा गणित चुकलेलं नसतं, वाचन चुकलेलं असतं. फोटो थोडा तिरका आला, पान शिवणीपाशी वळलं किंवा फोनची सावली पडली, की सगळ्यांत आधी बळी जातो तो घातांकाचा. 3^(2n+2) चं कुणी 3^(2n) + 2 करतं, म्हणजे शेवटचा 2 डोक्यावरून खाली उतरतो. कुणाला उणे चिन्ह दिसतच नाही, कारण ते कागदाच्या घडीत गेलेलं असतं. वहीतल्या हस्ताक्षराचा फोटो असेल तर 9 चा g आणि n चा r वाटू शकतो.

विधान स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरात, एका ओळीत उतरवलं की प्रत्येक खुणेपाशी क्षणभर थांबावं लागतं. हा 2 वर आहे की खाली? हा n गुणलेला आहे की घातांकात आहे? हे प्रश्न तेव्हाच पडतात. फोटोकडे नुसतं बघत सोडवायला बसलं की डोळा आपल्याला हवं ते वाचतो.

मेसेजमध्ये टाइप करणार असाल तर कंस सोडू नका. 3^2n+2 असं लिहिलंत तर मला त्यातून किमान दोन अर्थ निघताना दिसतात.

उतरवलेलं विधान बरोबर आहे की नाही हे पुस्तक हाताशी नसताना कसं कळणार?

n च्या जागी 1, 2, 3 घालून बघा. विधान बरोबर उतरलं असेल तर प्रत्येक वेळी 64 च्या पटीतली संख्या यायला हवी.

n = 1: 3^4 - 8 - 9 = 81 - 17 = 64 = 64 × 1
n = 2: 3^6 - 16 - 9 = 729 - 25 = 704 = 64 × 11
n = 3: 3^8 - 24 - 9 = 6561 - 33 = 6528 = 64 × 102

उजवीकडच्या 1, 11, 102 या संख्या लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

आता 3^(2n) + 2 - 8n - 9 असं चुकीचं वाचलं असतं तर? n = 1 ला 9 + 2 - 8 - 9 = -6. भाग जात नाही, म्हणजे चूक तिथल्या तिथे पकडली गेली.

मग फक्त n = 1 बघितलं तर पुरेल ना? सिद्धतेचा पाया तर तोच असतो.

नाही पुरणार. इथे फसलेली मुलं दर वर्षी असतात. समजा फोटोत 8n मधला n जरा वर सरकलेला दिसला आणि तुम्ही तो 8^n असा वाचला. n = 1 घाला:

3^4 - 8^1 - 9 = 81 - 8 - 9 = 64.

पाया पक्का! कारण 8 × 1 आणि 8^1 एकच. n = 1 ला गुणाकार आणि घात यांतला फरक दिसतच नाही, त्यामुळे n वर गेला की खाली आला याची ही किंमत साक्ष देऊ शकत नाही. n = 2 घातलं की बिंग फुटतं: 729 - 64 - 9 = 656, आणि 64 × 10 = 640, बाकी 16. विधान खोटं आहे, म्हणजे ते पुस्तकात तसं असणार नाही.

म्हणून फोटोवरून उतरवलेल्या विधानासाठी माझा नियम असा: उत्तरात n = 1 चाच पाया लिहा, पण कच्च्या कागदावर n = 2 बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तीन किमतींना जमलं, तर ते सगळ्या n ला जमणारच. आणखी सिद्ध काय करायचं?

n² + n + 41 ही राशी घ्या. n = 1 ला 43, n = 2 ला 47, n = 3 ला 53, सगळ्या मूळ संख्या. चौथी, दहावी, विसावी किंमत घाला, तरी मूळच. n = 39 पर्यंत एकही अपवाद नाही. n = 40 ला मात्र 40 × 40 + 40 + 41 = 40 × 41 + 41 = 41 × 41. ती मूळ संख्या नाही. ऑयलर या गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राशींपैकी ही एक.

एकोणचाळीस साक्षीदार एका सुरात बोलले आणि चाळिसावा फिरला. तीन किमतींची तपासणी चुकीचं वाचन पकडायला उत्तम आहे, पण तिला सिद्धतेचं वजन नाही. दोन्ही कामांत तीच आकडेमोड होत असल्यामुळे हा घोटाळा होतो.

फोटोत "n ∈ N" कुठेच नाही. मी ते लिहू का?

पानाचा वरचा भाग बघा. बहुतेक पुस्तकांत "सर्व n ∈ N साठी विगमन पद्धतीने सिद्ध करा" ही ओळ स्वाध्यायाच्या सुरुवातीला एकदाच छापतात आणि खाली नुसती गणितं देतात. तुम्ही सातव्या गणिताचा जवळून फोटो काढता, मथळा बाहेर राहतो. मथळ्याचा फोटो वेगळा काढा किंवा ती ओळ विधानाशेजारी लिहून ठेवा.

भागाकाराच्या गणितांत ही ओळ राहून गेली तर फारसं बिघडत नाही. असमानतेत मात्र सगळंच बिघडतं. समजा मूळ गणित "n ≥ 5 साठी 2^n > n² सिद्ध करा" असं आहे आणि फोटोत उजवी कड कापल्यामुळे "n ≥ 5" गेलं. तुम्ही n = 1 घेता: 2 > 1, खरं. पाया मिळाला म्हणून खूश होता. पण n = 2 ला 4 आणि 4 समान आहेत, n = 3 ला 8 हे 9 पेक्षा लहान, n = 4 ला 16 आणि 16 पुन्हा समान. विधान खऱ्या अर्थाने सुरू होतं ते 5 पासून: 32 > 25.

हे k वरून k+1 वर जाण्याच्या पायरीतही दिसतं. 2^k > k² धरून 2^(k+1) = 2 × 2^k > 2k² मिळतं, आणि आपल्याला हवं असतं (k+1)². 2k² हे (k+1)² इतकं किंवा त्याहून मोठं आहे का? वजा करून बघा: 2k² - (k+1)² = k² - 2k - 1 = (k-1)² - 2. k = 1 किंवा 2 असेल तर हे ऋण येतं, k = 3 पासून धन. म्हणजे 1 वर पाया घातला तर तिथून 2 वर जायला पायरीच नाही. 5 वर पाया घातला की पुढची प्रत्येक पायरी शाबूत आहे. अट कुठून सुरू होते ते पुस्तक सांगतं, फोटोने ते खाल्लं तर आपल्याला शोधावं लागतं.

"1.2 + 2.3 + 3.4 + ..." यात दशांश चिन्हं आहेत का?

नाहीत. तो गुणाकाराचा टिंब आहे. छापताना तो ओळीच्या मध्यावर असतो, फोटोत खाली बसल्यासारखा दिसतो. उजव्या बाजूला n(n+1)(n+2)/3 असेल तर n = 1 ला 1 × 2 × 3 / 3 = 2 येतं. डावीकडे 1 × 2 = 2 जुळतं, 1.2 जुळत नाही. झालं.

पाया, गृहीतक आणि पायरी वेगवेगळे लिहायचा एवढा आग्रह का? सलग लिहिलं तर चुकतं का?

गणित म्हणून चुकत नाही. पण सलग लिहिताना n, k, आणि k+1 एकमेकांत मिसळतात, आणि कोणती ओळ आपण सिद्ध केली, कोणती नुसती धरली, हे लिहिणाऱ्यालाच कळेनासं होतं. तपासणाऱ्याला तर नाहीच कळत.

तिन्ही भागांचा दर्जाच वेगळा आहे. पाया ही एका संख्येची प्रत्यक्ष पडताळणी आहे. गृहीतक म्हणजे उसनवारी, ते सिद्ध केलेलं नाही. पायरीत त्या उसनवारीच्या जोरावर पुढचं विधान मिळवायचं असतं. वहीत मी तीन मथळे घालायला सांगते आणि प्रत्येक मथळ्याखाली फक्त त्याच कामाच्या ओळी. नावं काहीही द्या. इंग्रजी माध्यमातली मुलं 'फाउंडेशन' किंवा 'बेस केस' म्हणतात, मराठीत पाया, गृहीतक, विगमन पायरी. नावाचे गुण कापले जात नाहीत, भागांची सरमिसळ झाली तर कापले जातात.

पाया लिहिताना काय काय हवं?

तीनच ओळी. n = 1 घेतलं, राशीची किंमत काढली, तिला 64 ने भाग जातो हे दाखवलं, म्हणून P(1), म्हणजे n = 1 साठीचं विधान, सत्य. "P(1) सत्य आहे हे उघड आहे" असं लिहू नका, 81 - 17 = 64 दिसायला हवं.

बेरजेच्या गणितात एक गंमत होते. 1 + 3 + 5 + ... + (2n-1) मध्ये n = 1 घालताना मुलं 1 + 3 + 5 + ... + 1 असं लिहितात. डाव्या बाजूला n पदं आहेत, n = 1 म्हणजे एकच पद: 1.

गृहीतकात नेमकं काय लिहायचं? n ऐवजी k केलं की झालं का?

जवळजवळ. पण "सर्व k साठी P(k) सत्य आहे असे मानू" हे वाक्य मला दर वर्षी डझनभर वह्यांत सापडतं. असं मानलंत तर गणितच संपलं, कारण तेच तर सिद्ध करायचं होतं. मानायचं ते एका कोणत्यातरी, पण ठरलेल्या k साठी.

दुसरी गोष्ट: "64 ने भाग जातो" हे वाक्य समीकरणात बदलून ठेवा. वाक्य पुढे आकडेमोडीत घालता येत नाही, समीकरण घालता येतं.

3^(2k+2) - 8k - 9 = 64m, जिथे m पूर्णांक आहे.

आणि लगेच त्याखाली, घातांकाचं पद एकटं करून:

3^(2k+2) = 64m + 8k + 9.

ही दुसरी ओळ बरीच मुलं लिहीत नाहीत आणि मग पायरीत चाचपडत बसतात. सगळी किल्ली या ओळीत आहे. "m पूर्णांक आहे" हे शब्दही गाळू नका. m अपूर्णांक चालला असता तर कोणत्याही संख्येला 64m म्हणता आलं असतं.

विगमन पायरी पूर्ण करून दाखवाल का?

आधी काय मिळवायचं ते लिहून ठेवायचं: P(k+1), म्हणजे 3^(2(k+1)+2) - 8(k+1) - 9 ला 64 ने भाग जातो. n होता तिथे प्रत्येक ठिकाणी कंसासकट (k+1) बसवायचा. कंस सोडवण्याची घाई नको.

3^(2(k+1)+2) - 8(k+1) - 9
= 3^(2k+4) - 8k - 8 - 9
= 3² × 3^(2k+2) - 8k - 17
= 9(64m + 8k + 9) - 8k - 17 (गृहीतकावरून)
= 576m + 72k + 81 - 8k - 17
= 576m + 64k + 64
= 64(9m + k + 1)

m आणि k पूर्णांक आहेत, म्हणून 9m + k + 1 हाही पूर्णांक आहे. म्हणजे राशीला 64 ने निःशेष भाग जातो, आणि P(k+1) सत्य आहे.

"गृहीतकावरून" हा शब्द त्या एका ओळीशेजारी लिहायचाच. तो कुठेच लिहावा लागला नाही, तर एकतर गृहीतक वापरलेलं नाही किंवा कुठेतरी हातचलाखी झाली आहे.

त्यानंतर शेवटची ओळ: P(1) सत्य आहे, आणि P(k) सत्य असेल तर P(k+1) सत्य असते, म्हणून गणिती विगमनाच्या तत्त्वानुसार सर्व n ∈ N साठी P(n) सत्य आहे. ही ओळ पायरीत कोंबू नका, वेगळी लिहा.

पण जे सिद्ध करायचं तेच आपण गृहीत धरतो आहोत. ही फसवणूक नाही का?

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला इंडक्शन कळायला लागलेलं असतं, म्हणून इथे जरा थांबते.

गृहीतकात आपण k बद्दल बोलतो आणि मिळवतो ते k+1 बद्दल. "P(k) सत्य आहे" असा दावा पायरीत कुठेच नाही. दावा फक्त एवढाच की P(k) सत्य असेल, तर P(k+1) ही सत्य असेल. तो "असेल तर" काढून टाकला की फसवणूक होईल.

मघाच्या 1, 11, 102 या संख्या आता काढा. त्या म्हणजे n = 1, 2, 3 साठीचे m. आपल्या पायरीने काय सांगितलं? k साठीचा भागाकार m असेल तर पुढचा भागाकार 9m + k + 1. करून बघा. k = 1, m = 1: 9 + 1 + 1 = 11. बरोबर. k = 2, m = 11: 99 + 2 + 1 = 102. बरोबर. आता k = 3, m = 102: 918 + 3 + 1 = 922. n = 4 साठी स्वतंत्रपणे मोजा: 3^10 = 59049, त्यातून 32 आणि 9 वजा केले की 59008, आणि 64 × 922 = 59008.

म्हणजे पायरी हे एक यंत्र आहे. आत एक पूर्णांक टाका, पुढचा पूर्णांक बाहेर येतो. पण यंत्राला पहिला दाणा कुणीतरी टाकावा लागतो, तो 1 पायातून आला. पाया नसता तर यंत्र चालू असूनही रिकामं फिरलं असतं. गंमत म्हणून "8n ला 64 ने भाग गेला तर 8n + 64 ला जातो" हे घ्या. अगदी खरं आहे, पण त्यावरून 8 ला 64 ने भाग जात नाही.

तुमच्या स्वतःच्या उत्तरासाठीही ही तपासणी वापरा. पायरीत मिळालेल्या कंसात k = 1 आणि पायातला m घाला. n = 2 ला आलेला भागाकार मिळाला नाही, तर पायरीत चूक आहे.

शेवटी 64 बाहेर काढता येत नाही. कुठे चुकलं हे कसं शोधू?

उरलेल्या आकड्यांकडे बघा, ते चुकीचा पत्ता सांगतात.

शेवटी 192m + 16k + 10 आलं असेल, तर तुम्ही घातांकात 2k+4 ऐवजी 2k+3 लिहिलं आहे. 2(k+1)+2 मधला कंस तोंडी सोडवताना k+1 मुळे घातांक एकानेच वाढला असं वाटतं. मग 9 ऐवजी 3 ने गुणलं जातं, आणि 192 हे 3 × 64 आहे यावरून ते ओळखता येतं. ही चूक सगळ्यांत जास्त आढळते.

576m + 64k + 80 आलं असेल, तर पहिली दोन पदं ठीक आहेत आणि शेवटचं पद 16 ने जास्त आहे. 16 म्हणजे 8 ची दुप्पट, म्हणजे -8(k+1) सोडवताना -8 च्या जागी +8 झालं. चिन्हाची चूक नेहमी दुपटीने दिसते.

आणि 576m + 8^k + 72 असं काही आलं असेल तर आकडेमोड पुन्हा करू नका, फोटो पुन्हा बघा. 8n चं 8^n झालं आहे. k = 1 घातलं तर 8 + 72 = 80, त्याला 64 ने भाग जात नाही. इथे कितीही डोकं आपटलं तरी सिद्धता मिळणार नाही, कारण विधानच खोटं आहे. एका मुलीने या वाचनावर अख्खी संध्याकाळ घालवली होती. तिची बीजगणिताची एकही ओळ चुकलेली नव्हती.

बेरजेच्या गणितात दोन्ही बाजूंना पुढचं पद मिळवतो, तसं इथेही P(k) मध्ये काहीतरी मिळवायचं ना?

नाही. बेरजेत k+1 ची डावी बाजू म्हणजे k ची डावी बाजू अधिक एक पद, म्हणून मिळवणं चालतं. इथे k वरून k+1 वर जाताना 3^(2k+2) नऊपट होतं, मिळवून काही साधत नाही. P(k) + 1 असं तर मुळीच लिहू नका. P(k) हे विधान आहे, संख्या नाही, त्यात 1 मिळवता येत नाही.

P(k+1) = 64p असं लिहून सुरुवात केली आणि शेवटी दोन्ही बाजू सारख्या आल्या. चालेल?

चालणार नाही. जे मिळवायचं आहे तिथून निघून खऱ्या गोष्टीपर्यंत पोचणं म्हणजे सिद्धता नव्हे. 1 = -1 पासून सुरुवात करून दोन्ही बाजूंचा वर्ग केला तर 1 = 1 मिळतं, म्हणून 1 = -1 होत नाही. कच्च्या कागदावर उलटं चालून वाट शोधा, हरकत नाही. वहीत मात्र डाव्या राशीपासून सुरू करून 64(...) पर्यंत सरळ या.

पाया n = 0 पासून घेतला तर?

इथे जमतं: 3^2 - 0 - 9 = 0, आणि 0 ला 64 ने भाग जातो. यंत्रात k = 0, m = 0 घाला, 0 + 0 + 1 = 1 येतं, म्हणजे n = 1 चा भागाकार बरोबर मिळतो. पण आपल्या शालेय पुस्तकांत N ची सुरुवात 1 पासून होते, तेव्हा उत्तरात n = 1 च लिहा.

हे द्विपद प्रमेयाने दोन ओळींत होतं असं दादा म्हणाला. खरं आहे का?

खरं आहे. 3^(2n+2) = 9^(n+1) = (1 + 8)^(n+1). विस्तारात पहिली दोन पदं 1 आणि 8(n+1), त्यापुढच्या प्रत्येक पदात 8² म्हणजे 64 आहे. 1 + 8(n+1) = 8n + 9, तेच वजा केलं की 64 च्या पटीतलं उरतं. हे 64 आणि 8n + 9 आले कुठून याचं उत्तर इथे मिळतं, इंडक्शनमध्ये ते मिळत नाही. इंडक्शन विधान तपासून शिक्का मारतं, विधान सुचवत नाही. पण प्रश्नात "विगमन पद्धतीने" लिहिलं असेल तर दादाची पद्धत कच्च्या कागदावरच ठेवा.

मराठीत 'विगमन' म्हणजे उदाहरणांवरून नियम काढणं. ही पद्धत तर तशी नाही. मग हे नाव कसं?

तक्रार रास्त आहे. काही कावळे काळे बघून सगळे कावळे काळे म्हणणं हे तर्कशास्त्रातलं विगमन. त्यात अपवादाची शक्यता कायम असते. आपली पद्धत शुद्ध निगमन आहे, अपवादाला जागा नाही. ब्लेझ पास्कालने १६५४ च्या सुमारास अंकांच्या त्रिकोणावर लिहिताना ती पाया आणि पायरी अशा दोन भागांत स्पष्ट मांडली होती. तिला इंडक्शन हे नाव चिकटलं ते नंतर. १८३८ मध्ये ऑगस्टस डी मॉर्गन यांनी एका विश्वकोशातल्या लेखात 'मॅथेमॅटिकल इंडक्शन' असा शब्दप्रयोग केला, आणि पुढे तोच रुळला. 'गणिती' हे विशेषण म्हणूनच गाळू नये, ते गाळलं की उरतात नुसते कावळे.

फोटोत भाजक 64 ऐवजी 4 दिसला आणि सगळं बरोबर सुटलं. मग गुण का गेले?

64 मधला 6 कडेला कापला गेला असणार. जिला 64 ने भाग जातो तिला 4 नेही जातोच, त्यामुळे n = 1, 2, 3 ची तपासणी बिनबोभाट पार पडली आणि तुमची सिद्धताही निर्दोष झाली, फक्त ती दुसऱ्याच, सोप्या विधानाची. चुकीचं वाचन खोटं विधान देत असेल तर तपासणी ते पकडते. ते खरं पण कमकुवत विधान देत असेल तर तपासणीला काहीच कळत नाही.

एक खूण मात्र आहे. n = 1 ला आलेली संख्या भाजकापेक्षा फारच मोठी, इथे 64 ला 4, आणि पुढच्या 704, 6528 यांनाही त्या मोठ्या संख्येने भाग जातो असं दिसलं, तर भाजकाचा एखादा अंक कापला गेला असावा अशी शंका घ्या आणि पुस्तक उघडा. नेहमी असंच असतं असं नाही, पण शंका घ्यायला एवढं पुरे.

माझं उत्तर तपासायला पाठवताना फोटो कसा काढू?

मूळ गणिताचा एक फोटो, मथळ्याच्या ओळीसकट. मग उत्तराचा. पान सपाट ठेवा, उजेड एका बाजूने येऊ द्या, म्हणजे फोनची सावली अक्षरांवर पडत नाही. कॅमेरा पानावर सरळ धरा. उत्तर दोन पानांवर गेलं असेल तर पान गृहीतकानंतर बदला, पायरीच्या मध्यावर नको. 9(64m + 8k + 9) ही ओळ एका फोटोत आणि तिचा विस्तार दुसऱ्या फोटोत आला, की मला दोन्ही फोटो मागे-पुढे सरकवत बसावं लागतं. आणि घातांक कृपया मोठे काढा.